गुंठ्याला पाच मिनिटं: मायनरवरची पाळी कशी ठरते

भातसा धरणाचं पाणी दोन वाटांनी खाली येतं. एक वाट नदीची. ते पाणी पिसे बंधाऱ्यापर्यंत वाहत येतं, तिथं उचललं जातं आणि शुद्ध होऊन मुंबई-ठाण्याच्या नळांना पोहोचतं. दुसरी वाट उजव्या कालव्याची, शहापूर आणि भिवंडी तालुक्यांतल्या शेतांकडे जाणारी. नळाच्या पाण्याचा हिशेब मीटर ठेवतो. कालव्याच्या पाण्याचा हिशेब कोण ठेवतं, कुणाला किती मिळणार हे कुठं ठरतं आणि रात्री दोन वाजता कुणाच्या खाचरात पाणी वळवायचं हे कोण सांगतं, ते शहरातल्या माणसाला सहसा ठाऊक नसतं. अनेकदा शेतकऱ्यालाही ते अर्धवटच माहीत असतं आणि भांडणं त्यातूनच होतात.

भांडणाचं मूळ असं की संस्थेला पाणी मिळतं घनमीटरमध्ये आणि शेतकऱ्याला मिळतं तासा-मिनिटांत. घनमीटरची मिनिटं करण्याचा हिशेब ज्याच्या हाती, त्याच्या हाती पाणी. म्हणून तो हिशेब एका मायनरवर बसून करून बघू. मायनर काल्पनिक आहे, आकडे सोयीसाठी घेतलेले आहेत. रीत मात्र खरी आहे.

आधी शब्द लावून घेऊ. धरणातून मुख्य कालवा निघतो, कालव्यातून वितरिका, वितरिकेतून मायनर म्हणजे लघुवितरिका, मायनरवर आउटलेट आणि आउटलेटमधून शेतचारी. कालव्याला ठरावीक दिवस पाणी सोडतात, त्याला आवर्तन म्हणतात. त्या आवर्तनात तुमच्या गटाला जी वेळ मिळते ती तुमची पाळी. 2005 साली महाराष्ट्रात सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देण्याचा कायदा झाला. त्यानुसार मायनरच्या लाभक्षेत्रातले सगळे जमीनधारक मिळून एक पाणीवापर संस्था होते. जलसंपदा खात्यानं मायनरच्या तोंडाशी पाणी मोजून द्यायचं. पुढं ते कसं वाटायचं, कुणाकडून किती पाणीपट्टी घ्यायची, चारी कुणी साफ करायची हे संस्थेनं बघायचं. पूर्वी प्रत्येक शेतकरी नमुना 7 भरून खात्याकडे पाणी मागायचा आणि पिकाच्या क्षेत्रावर आकारणी व्हायची. आता संस्थेला बिल येतं ते घेतलेल्या घनमीटरचं. पीक कोणतं घ्यायचं हे सभासदाच्या हातात, पण पाण्याचा आकडा ठरलेला.

हस्तांतराआधी खात्याचे अभियंते आणि संस्थेचे लोक मायनरवरून एकत्र चालत जातात. कुठं भिंत फुटली, कुठं गेट गंजलं, कुठं आउटलेटच्या जागी नुसतं भगदाड उरलंय याची यादी होते, दुरुस्ती होते, मग करारनामा. ही पाहणी उरकून टाकणारी संस्था पुढं कायम पस्तावते, कारण सही झाल्यावर ती गळती संस्थेच्या हिश्शातून वजा होत राहते.

आता हिस्सा. पावसाळा सरला की 15 ऑक्टोबरचा धरणातला साठा धरून वर्षाचं नियोजन होतं. पिण्याचं पाणी आधी बाजूला काढतात, बाष्पीभवन वजा करतात आणि उरलेल्यातून सिंचनाचा वाटा ठरतो. आवर्तनं किती आणि कधी, हे कालवा सल्लागार समितीत ठरतं. समजा आपल्या मायनरचं लागवडयोग्य लाभक्षेत्र 120 हेक्टर आहे आणि धरण पूर्ण भरलं असेल तर रब्बीसाठी मायनरच्या तोंडाशी हेक्टरी 3,000 घनमीटर असा कोटा आहे. म्हणजे 3,60,000 घनमीटर. यंदा सिंचनाला पाणी 80 टक्केच आहे. मग कपात सगळ्या संस्थांना त्याच प्रमाणात बसते आणि आपल्या वाट्याला 2,88,000 घनमीटर येतात. तीन आवर्तनं ठरली, तर एका आवर्तनाला 96,000.

इथं पहिला वाद उभा राहतो. लाभक्षेत्र 120 हेक्टरांचं असलं तरी रब्बीला मागणी आली 96 हेक्टरांची. उरलेल्या 24 हेक्टरांत कुणी भातानंतर जमीन मोकळी ठेवलीय, कुणाचं शेत वांद्यात आहे, कुणी कल्याणला नोकरीला आहे. त्यांचा हिस्सा कुणाचा? मायनरच्या तोंडाशी मोजलेल्या पाण्यातलं साधारण 20 टक्के मायनरमध्येच मुरतं किंवा गळतं असं धरलं, तर आउटलेटवर 76,800 घनमीटर पोहोचतात. मागणी केलेल्या 96 हेक्टरांत वाटले तर हेक्टरी 800, सगळ्या 120 हेक्टरांत वाटले तर हेक्टरी 640. सोपी वाट म्हणजे ज्यांनी अर्ज केला त्यांच्यात सगळं वाटून टाकणं. ती चुकीची नाही, पण तसा ठराव सर्वसाधारण सभेत हंगामाआधी झालेला हवा. नाहीतर दुसऱ्या आवर्तनाला नोकरीवाल्याचा भाऊ येऊन उभा राहतो, ‘आमचं पाणी कुठं गेलं’ म्हणतो, आणि त्याचं म्हणणं खोडता येत नाही. आपण 800 धरून पुढं जाऊ.

मायनरचा प्रवाह सेकंदाला 100 लिटर आहे. तासाला 360 घनमीटर. 96,000 घनमीटर यायला 266 तास 40 मिनिटं लागतात, म्हणजे 11 दिवस आणि पावणेतीन तास. सेकंदाला 100 लिटरचा लोट एकट्या शेतकऱ्याच्या हातात दिला तर खाचराचे बांध वाहून जातील, म्हणून एका वेळी तीन आउटलेट चालू ठेवायची. गळती वजा जाता प्रत्येकाला सरासरी सेकंदाला पावणेसत्तावीस लिटर मिळतात. हा प्रवाह फावडं घेतलेल्या एका माणसाला सांभाळता येतो. या धारेनं हेक्टरभर जमिनीला 800 घनमीटर द्यायला 8 तास 20 मिनिटं लागतात. ठाणे जिल्ह्यात हेक्टरात कोण बोलतं? गुंठ्यात करा: एका गुंठ्याला पाच मिनिटं. एकराला 3 तास 22 मिनिटं.

हा आकडा सोपा आहे म्हणूनच तो फळ्यावर लिहून लावावा. शेवटच्या, म्हणजे 9 नंबरच्या आउटलेटवर समजा 10.8 हेक्टरांची मागणी आहे. त्याला बरोबर 90 तास. त्यातल्या 32 गुंठ्यांच्या गटाला 2 तास 42 मिनिटं, शेजारच्या 12 गुंठ्यांना एक तास. पाळीपत्रकात गट नंबर, नाव, क्षेत्र, सुरू होण्याची तारीख-वेळ आणि संपण्याची तारीख-वेळ असे पाच रकाने असले की पुरे. त्यात पिकाचा रकाना घातला की ‘माझी भेंडी, त्याचा वाल’ हा वाद घरात घेतलाच म्हणून समजा. हिस्सा जमिनीचा असतो. पिकाला कमी-जास्त लागलं तर सभासदांनी आपसात वेळ बदलून घ्यावी आणि संस्थेच्या वहीत तशी नोंद करावी.

पाळी टेलकडून, म्हणजे मायनरच्या शेवटाकडून सुरू करायची. हा जुना नियम आहे आणि त्यामागचं कारण साधं आहे. हेडवाल्याला, म्हणजे मायनरच्या तोंडाजवळ शेत असलेल्याला, पाणी रोज डोळ्यांसमोर दिसतं. त्याचं आधी भरलं तरी टेलवाल्याची पाळी येईपर्यंत तो पुन्हा हात मारतो. शिवाय आवर्तनाचे दिवस एखाद-दुसऱ्यानं कमी झाले, तर ज्याची पाळी शेवटी त्याचंच पाणी तुटतं. ती झळ सोसायची ताकद हेडवाल्याकडे जास्त असते. संचालक मंडळात हेड, मधला भाग आणि टेल यांना सारख्या जागा ठेवल्यात, त्याचंही कारण हेच.

पण टेलपासून सुरुवात केली म्हणजे न्याय झाला असं नाही. घड्याळ सगळ्यांना सारखं असलं तरी धार सारखी नसते. वाटेत मुरत मुरत टेलच्या आउटलेटला सेकंदाला 25 लिटर मिळत असतील, तर हेडच्या आउटलेटला साडेअठ्ठावीसच्या पुढं मिळतात. गुंठ्याला दोघांनाही पाचच मिनिटं दिली तर टेलवाल्याला दरवेळी पाणी कमी पडतं आणि ते पत्रकात दिसतही नाही. धारेप्रमाणे हिशेब केला तर टेलला गुंठ्यामागे 5 मिनिटं 25 सेकंदांच्या आसपास आणि हेडला 4 मिनिटं 40 सेकंद येतात. फरक थोडा वाटतो, पण 40 गुंठ्यांना तो अर्ध्या तासाचा होतो. सोबत आणखी एक गोष्ट: कोरड्या मायनरमधून पहिलं पाणी टेलला पोहोचायला काही तास जातात. तो वेळ संस्थेच्या खात्यात टाकायचा, पहिल्या पाळीवाल्याच्या नाही. त्याची वेळ त्याच्या आउटलेटमधून पूर्ण धार पडायला लागल्यापासून मोजायची.

हा सगळा हिशेब एका आकड्यावर उभा आहे: मायनरच्या तोंडाशी खरंच सेकंदाला 100 लिटर येतात का? मोजण्यासाठी तिथं बहुतेक ठिकाणी पार्शल फ्लूम बांधलेली असते. म्हणजे मध्ये अरुंद होत गेलेली काँक्रीटची घळ. वरच्या निमुळत्या भागात भिंतीवर सेंटिमीटरची पट्टी असते आणि पट्टीवरच्या उंचीवरून प्रवाह कळतो. घशाची रुंदी एक फूट, म्हणजे साडेतीस सेंटिमीटर असेल, तर पट्टीवर 28 सेंटिमीटरला सेकंदाला 100 लिटर येतात. 26 ला येतात फक्त 89. पट्टीवर दोन सेंटिमीटर कमी म्हणजे प्रवाह 11 टक्क्यांनी कमी! उंची जरा उतरली की प्रवाह त्याहून वेगानं उतरतो. संपूर्ण आवर्तनभर पट्टी 26 वर राहिली तर सुमारे साडेदहा हजार घनमीटर कमी येतात आणि दहा हेक्टरांची पाळी हवेत जाते. मग लोक एकमेकांना चोर म्हणतात. खरं तर वितरिकेवरचं दार दोन बोटं खाली असतं, एवढंच. म्हणून पट्टी दिवसातून तीनदा वाचायची, वहीत लिहायची, आणि खात्याचा कालवा निरीक्षक येईल तेव्हा त्याची त्याच पानावर सही घ्यायची. तोंडी तक्रारीला किंमत नाही. सही असलेल्या पानाला आहे.

आता या फ्लूमची एक लबाडी. तिच्या खालच्या बाजूला गाळ साचला किंवा गवत वाढलं की पाणी मागं तुंबतं. पट्टीवर 28 दिसतं, पण पुढं 100 लिटर जात नसतात. घशातून पाणी उसळी मारून खाली उतरताना दिसायला हवं. तसं न दिसता पाणी वरपासून खालपर्यंत सपाट, संथ दिसलं, तर मोजमाप खोटं आहे असं समजावं. नियम असा की या मापाच्या फ्लूममध्ये खालची उंची वरच्या उंचीच्या 70 टक्क्यांच्या आत हवी. म्हणजे वर 28 असेल तर खाली साडेएकोणीसपेक्षा जास्त नको. जास्त असेल तर न आलेल्या पाण्याचं बिल संस्था भरते. त्यामुळे आवर्तनाआधीची गाळसफाई फ्लूमच्या खालच्या पंचवीस-तीस मीटरांपासून सुरू करावी, मग पुढचं.

तोंडाशी पाणी बरोबर आहे आणि तरी टेलला ओरड आहे, तर वाटेत काहीतरी आहे. ते शोधायला यंत्र लागत नाही. टेलची पाळी चालू असताना, म्हणजे वरची सगळी आउटलेट बंद असताना, मायनरच्या मध्यावर एक सरळ, एकसारखा 30 मीटरचा तुकडा निवडा. अर्धी भरलेली पाण्याची बाटली सोडा आणि किती सेकंदांत पार होते ते बघा. समजा 75 सेकंद लागले. वेग सेकंदाला 0.4 मीटर. पाण्याची रुंदी 80 सेंटिमीटर, सरासरी खोली 25, म्हणजे छेद 0.2 चौरस मीटर. वरचं पाणी खालच्यापेक्षा जोरात धावतं म्हणून 0.85 नं गुणायचं. उत्तर येतं सेकंदाला 68 लिटर. मध्यापर्यंत नेहमीच्या मुरण्यात दहा-बारा लिटर गेले असते तर 88-90 मिळायला हवे होते. वीसेक लिटर कमी आहेत. हे मुरणं नाही. वरच्या टप्प्यात कुठंतरी बंद आउटलेटच्या फळीखाली दगड अडकवलाय, रबरी पाइपानं पाणी बांधावरून ओढलं जातंय, किंवा कुणीतरी सरळ मोटर लावलीय. कोकणातल्या उतारावरच्या मायनरला आणखी एक शक्यता असते. डोंगराच्या बाजूनं पावसाळी पाणी आत घुसून भराव पोखरतं आणि खालच्या बाजूला भर रब्बीत भलतीच हिरवळ दिसते. ती हिरवळ आधी तपासा. माणसांवर आरोप नंतर.

हिस्सा पूर्ण मिळूनही पीक का सुकतं, हा प्रश्न वेगळा आहे आणि ठाणे जिल्ह्यात तो जास्त बोचतो. हेक्टरी 800 घनमीटर म्हणजे शेतावर 80 मिलिमीटर पाणी. वरकस, मुरमाड जमिनीत मातीचा थर फूटभर असला तर ती पिकाला पुरवता येईल असं पाणी 35 ते 40 मिलिमीटरच धरते. बाकीचं खाली झिरपतं, शेजाऱ्याच्या विहिरीचं भलं होतं. आणि पुढचं आवर्तन महिन्याभरानं. वालाला आणि हरभऱ्याला हे चालतं, कारण ती पिकं भातानंतरच्या ओलीवर अर्धी निभतात. भेंडी-काकडीला नाही चालत. त्यांना आठवड्या-दहा दिवसांनी थोडं थोडं पाणी हवं. उन्हाळी भाताचं तर नावच नको. त्याला हजार-बाराशे मिलिमीटरच्या पुढं पाणी लागतं आणि आपल्या तीन आवर्तनांचं मिळून 240 होतं. उन्हाळी भात दिसला म्हणजे त्या शेतकऱ्याकडे विहीर तरी आहे किंवा तो इतरांचं पाणी खातोय.

यावर संस्थेला करता येण्यासारखं आहे. 96,000 ची तीन आवर्तनं मागण्याऐवजी 48,000 ची सहा मागता येतात. गुंठ्याला पाच मिनिटांऐवजी अडीच. पण प्रत्येक वेळी कोरडी मायनर भरताना पाणी जातं. भरण्यात आणि सुरुवातीच्या मुरण्यात पाच तासांचा प्रवाह जातो असं धरलं, तर एका खेपेला 1,800 घनमीटर. जादा तीन खेपांचे 5,400, एकूण हिश्शाच्या दोन टक्क्यांच्या आत. हलक्या जमिनीत निम्मं पाणी झिरपण्यापेक्षा हा सौदा स्वस्त आहे. अडचण मायनरची नाही, कालव्याची आहे. आपल्या एका मायनरसाठी मुख्य कालवा सहा वेळा भरत नाहीत. तिथला भरण्याचा तोटा कितीतरी मोठा. म्हणून ही मागणी वितरिकेवरच्या सगळ्या संस्थांनी मिळून, कालवा सल्लागार समितीची बैठक होण्याआधी लेखी द्यायची असते. बैठकीनंतर दिलेला अर्ज फाइलला लागतो, बाकी काही होत नाही.

रात्रीच्या पाळीबद्दल एकच सांगण्यासारखं आहे. पाणी रात्रीही येतच असतं आणि फ्लूमवर मोजलं जात असतं. थंडीत कुणी शेतावर गेलं नाही आणि धार ओढ्याला लागली, तर आठ तासांत तोंडाशी मोजलेले 2,880 घनमीटर वाया जातात, म्हणजे जवळपास तीन हेक्टरांची पाळी. बिल सगळ्यांना. एक उपाय असा: पुढच्या आवर्तनाला पाळीपत्रक 12 तासांनी पुढं सरकवायचं. या वेळी रात्री गेलेला पुढच्या वेळी दिवसा येतो आणि रात्र कुणाच्या नशिबी कायमची राहत नाही. जो पाळी चुकवेल त्याची वेळ पुढच्या गटाला द्यायची आणि त्याला भरपाई नाही, हेही पत्रकाच्या तळाशी छापावं.

भिवंडीकडच्या संस्थांना शेवटी एक वेगळंच काम पडतं. लाभक्षेत्राची यादी जुनी आणि त्यातल्या कित्येक गटांवर आता गोदामं उभी. तो गट यादीत राहिला तर कोटा कागदावर फुगतो, आणि शेतचारी त्याच्या कुंपणाखाली गाडली गेलेली असते, त्यामुळे खालच्यांपर्यंत पाणी पोहोचतच नाही. सातबारा आणि अकृषिक परवानगी बघून दरवर्षी हंगामाआधी यादी दुरुस्त करायची आणि क्षेत्र कमी झाल्याचं खात्याला लेखी कळवायचं. कोटा घटेल या भीतीनं संस्था हे टाळतात. पण वगळताना एक अट धरून बसावं: गटातून जाणारी चारी जमीनमालकानं स्वखर्चानं पाइप टाकून चालू ठेवायची, आणि पाइपाचा व्यास किमान एक फुटाचा. सेकंदाला पावणेसत्तावीस लिटरांची धार सहा इंची पाइपातून साध्या उतारावर जात नाही. ती मागं तुंबते, आणि वरच्या आउटलेटवाल्याला वाटतं आपल्याला आज पाणी जास्त आलंय.